१८ इंची दप्तर, ३३ सेंटिमीटरची पाठ: नाशिकच्या एका तिसरीतल्या मुलीचं प्रकरण

जूनच्या पहिल्या आठवड्यात नाशिकच्या मेन रोडवर, शालिमारजवळ आणि रविवार कारंज्याच्या बाजूला दुकानांपुढे दप्तरांच्या माळा लागतात. बहुतेक ठिकाणी विक्रीचा प्रश्न एकच असतो: "ताई, कितवीत आहे?" इयत्ता कळली की दुकानदार हुकाच्या काठीने एक दप्तर उतरवतो. तिसरी म्हटलं की १६ इंची. आई जरा घुटमळली तर "अठरा घ्या, पाचवीपर्यंत बघायला नको" असं म्हणत १८ इंची. पाठ कुणी मोजत नाही. इथे घेतलेलं नमुना प्रकरण अशाच १८ इंची दप्तराचं आहे.

मुलगी ८ वर्षांची, तिसरीत. उंची १२२ सेंटिमीटर, वजन २२ किलो. घर इंदिरानगरमध्ये, शाळेला जाणं-येणं रिक्षाने. रिक्षा कॉलनीच्या तोंडाशी थांबते, म्हणून तिथपर्यंत चालत जावं लागतं. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणजे दप्तर पाठीवर असण्याचा वेळ एकूण फार नाही, पण त्यातला बराचसा जिन्यावर जातो, आणि उंचीला चुकलेलं दप्तर सगळ्यात जास्त जिन्यावरच त्रास देतं.

तक्रार पाठदुखीची नव्हती. आजीच्या लक्षात आलं की स्कर्टच्या मागच्या चुण्या रोज एकाच जागी चुरगळतात आणि पट्ट्याच्या खाली वीतभर अंतरावर एक आडवी मळकट रेघ उमटते. ती रेघ दप्तराच्या बुडाची होती. चालताना दप्तराचा तळ प्रत्येक पावलाला मांडीच्या वरच्या भागावर आपटत होता. जिना चढताना मूल पुढे झुकतं, तेव्हा हे आपटणं आणखी वाढतं. ते टाळायला मुलगी दोन्ही हात मागे नेऊन दप्तराचं बूड उचलून धरायची. मोकळ्या हातांनी कठडा धरायचा सोडून ती दप्तर सावरत जिना चढत होती.

पट्टे आवळून पाहिले

असं दिसलं की पहिला उपाय सगळ्यांनाच सुचतो: पट्टे आखूड करा. इथेही तेच केलं. दप्तर वर सरकलं, मांडीवर आपटणं थांबलं, आणि आता वरचा काठ डोक्याच्या मागच्या बाजूला टेकू लागला. मान मागे नेली की डोकं दप्तरावर आपटतं, म्हणून मुलगी मान पुढे काढून चालायला लागली. चार दिवसांनी तिने स्वतःच पट्टे पुन्हा सैल केले.

यात मुलीचा हट्ट नव्हता, दप्तराच्या रचनेचा दोष होता. पाठीवरचं दप्तर कुठे बसणार हे ठरतं ते खांद्याचे पट्टे दप्तराला वरच्या बाजूला जिथे शिवलेले असतात त्या जोडावरून. हा जोड पाठीच्या फऱ्यांच्या वरच्या कडेपाशी, म्हणजे मानेच्या बुडाशी असलेल्या मणक्याच्या उंचवट्यापासून साधारण ५ सेंटिमीटर खाली टेकला पाहिजे. तो तिथे असला की पट्टा खांद्यावरून वळसा घालून मागे उतरतो आणि दप्तराला पाठीकडे ओढून धरतो. पट्टे फार आवळून जोडच खांद्याच्या वर आणला, तर पट्टा दप्तराला पाठीकडे ओढत नाही, नुसता वर उचलतो. मग दप्तराचा माथा मागे कलंडतो आणि पाठ व दप्तर यांच्यात मूठ जाईल एवढी फट पडते.

थोडक्यात, जोडाची जागा शरीर ठरवतं. दप्तराचा तळ कुठे येणार हे जोडापासून तळापर्यंतच्या लांबीवर अवलंबून असतं, आणि ती लांबी कारखान्यात शिवली जाते. पट्टे कितीही ओढले तरी ती बदलत नाही. गणवेश वाढत्या अंगाचा घेतला तर बाह्या दुमडता येतात, खालची शिवण आत घालता येते. दप्तराला ती सोय नाही.

पाठ मोजणं

पाठीची लांबी म्हणजे मानेच्या बुडाशी सगळ्यात जास्त वर आलेल्या मणक्यापासून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेच्या पातळीपर्यंतचं अंतर. साधन एकच लागतं, शिंप्याची कापडी टेप. लोखंडी टेप किंवा फूटपट्टी नको, कारण माप पाठीच्या वळणावरून घ्यायचं असतं.

मुलीच्या आईने पहिल्यांदा मोजलं ते गणवेशावरून, कॉलरच्या वरच्या कडेपासून स्कर्टच्या पट्ट्यापर्यंत. आलं ३० सेंटिमीटर. हे माप दोन्ही टोकांना चुकलेलं होतं. कॉलर मणक्याच्या उंचवट्याच्या वर असते, आणि मुलींच्या स्कर्टचा पट्टा कमरेच्या बारीक भागावर, म्हणजे हाडाच्या बराच वर बांधलेला असतो. मुलांच्या पँटचा पट्टा बहुधा याच्या उलट, हाडाच्या खाली घसरलेला असतो, त्यामुळे मुलांचं माप जास्त येतं. कपड्याची कुठलीही शिवण खूण म्हणून धरायची नाही, हाडच शोधायचं.

दुसऱ्यांदा पातळ बनियनवर, अनवाणी, सरळ उभं करून मोजलं. वरचं टोक शोधण्यासाठी मुलीला हनुवटी छातीकडे न्यायला सांगितलं. मानेच्या तळाशी एक-दोन मणके ठळक दिसतात. बोट त्यांवर ठेवून मुलीला हळूहळू मान वर करायला लावली, तेव्हा वरचा मणका बोटाखालून आत गेल्यासारखा वाटला आणि खालचा जागेवर राहिला. जो जागेवर राहिला तो आपला. त्यावर खडूने टिंब केलं.

खालचं टोक त्याहून सोपं आहे. मुलीने कमरेवर हात ठेवले, बोटं पुढे आणि अंगठे मागे, आणि हात खाली दाबत नेले. ते ज्या हाडावर अडकले ती कमरेच्या हाडाची वरची कड. दोन्ही अंगठ्यांना जोडणारी आडवी रेघ जिथे कण्याला छेदते, तिथे दुसरं टिंब. मग मुलीला समोर बघायला सांगून, टेप पाठीवर अलगद टेकवत दोन टिंबांमधलं अंतर घेतलं: ३३.५ सेंटिमीटर. पुन्हा मोजलं, ३३. अर्ध्या सेंटिमीटरचा फरक चालतो. एकापेक्षा जास्त आला तर मूल मधेच वाकलेलं असतं किंवा टिंब चुकलेलं असतं. मुलं मोजताना आपोआप ताठ होतात आणि श्वास रोखतात, म्हणून दुसरं माप बोलता बोलता घ्यावं. तेच खरं निघतं.

दप्तराची रुंदी ठरवायला आणखी एक माप घेतलं: एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मागच्या बाजूने. ते आलं २७ सेंटिमीटर. दप्तर यापेक्षा रुंद असू नये. रुंद दप्तर दाराच्या चौकटीत अडकतं आणि चालताना हात मागे झुलू देत नाही.

लेबलवरचे इंच आणि खरी लांबी

आता जुनं दप्तर मोजायला घेतलं. लेबलवर १८ इंच, म्हणजे जवळपास ४६ सेंटिमीटर. पण हे बाहेरचं पूर्ण माप आहे, तळापासून माथ्याच्या गोलाईपर्यंत. पाठीशी संबंध असतो तो पट्ट्याच्या जोडापासून तळापर्यंतच्या लांबीचा. या दप्तरात जोड माथ्यापासून ६ सेंटिमीटर खाली होता, म्हणजे कामाची लांबी ४०.

हिशोब मांडून पाहू. जोड मणक्याच्या उंचवट्याच्या ५ सेंटिमीटर खाली धरला तर तळ येतो ४५ सेंटिमीटरवर. पाठ ३३ ची. म्हणजे पट्टे अगदी नीट लावले तरी तळ कमरेच्या हाडाखाली १२ सेंटिमीटर लोंबणार. पट्टे सैल असले की जोड आणखी ४-५ सेंटिमीटर खाली येतो आणि तळ मांडीवर जातो. स्कर्टवरच्या रेघेचं मूळ हे.

तळ कमरेच्या रेषेपासून १० सेंटिमीटरपेक्षा खाली जाऊ नये, हा दप्तरांबाबतचा सर्रास दिला जाणारा नियम आहे. पण तो बाहेरची हद्द सांगतो. १२२ सेंटिमीटर उंचीच्या मुलीला १० सेंटिमीटर म्हणजे ढुंगणाचा बहुतेक भाग आला. लहान मुलांसाठी तळ हाडाच्या पातळीवर, फार तर ५ सेंटिमीटर खाली असावा असं आमचं मत आहे, कारण त्याखाली गेलेलं दप्तर प्रत्येक पावलाला हलतं.

याच पाठीवर बाकीची दोन मापं घालून पाहिली. १६ इंची दप्तर ४१ सेंटिमीटरचं, जोड माथ्यापासून ५ खाली, म्हणजे कामाची लांबी ३६. तळ येतो ४१ वर, हाडाखाली ८. नियमात बसतं, पण जिन्यावर आपटेल. १४ इंची दप्तर ३६ सेंटिमीटरचं, कामाची लांबी ३१. तळ ३६ वर, हाडाखाली फक्त ३. माथा मणक्याच्या उंचवट्याच्या बरोबरीने, म्हणजे डोक्याला लागायचा प्रश्नच नाही.

इथे घरात वाद झाला. बाबांचं म्हणणं, १४ इंची दप्तर बालवाडीचं दिसतं, वर्षभरात लहान होईल. हे तपासण्यासारखं आहे. या वयात मुलं वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतात आणि त्यातला पाठीच्या वाट्याला येणारा भाग दीड सेंटिमीटरच्या आसपास असतो, उरलेली वाढ मुख्यतः पायांची. म्हणजे दोन वर्षांनी पाठ ३६ च्या घरात जाईल आणि १४ इंची दप्तराचा तळ तेव्हा बरोबर हाडावर येईल. तिसऱ्या वर्षी तो हाडाच्या दीड सेंटिमीटर वर असेल, त्यानेही काही बिघडत नाही. दप्तर थोडं आखूड असल्याने पाठीला अपाय होत नाही. पुस्तकं आत मावेनाशी होईपर्यंत ते वापरता येतं. लांब दप्तर मात्र घेतल्या दिवसापासून चुकीचं असतं आणि मूल त्या मापाचं होईपर्यंत चुकीचंच राहतं.

दुसरी शंका आईची: वह्या-पुस्तकं मावतील का? घरातली सगळ्यात मोठी वस्तू होती ए-फोर आकाराची फाइल, २९.७ सेंटिमीटर उंच आणि २१ रुंद. १४ इंची दप्तराच्या आतली उंची बहुधा ३२-३३ असते, त्यामुळे ती उभी मावते. दुकानात मात्र फाइल घेऊनच जावं, कारण काही दप्तरांचा माथा इतका गोल असतो की उंची पुरते आणि फाइलचे कोपरे चेनमध्ये अडकतात.

वजनाचं काम वेगळं

पाठीची लांबी दप्तराची उंची ठरवते. मुलाचं वजन उंची ठरवत नाही. ते आत किती भरायचं आणि रिकामं दप्तर किती जड चालेल हे ठरवतं. या दोन गोष्टींची गल्लत झाली की "मुलगा दणकट आहे, मोठं दप्तर पेलेल" अशी वाक्यं ऐकू येतात.

केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणात पहिली ते दहावीसाठी दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असं आहे. महाराष्ट्रात २०१५ च्या शासन निर्णयातही १० टक्के हीच मर्यादा होती. केंद्राच्या धोरणात इयत्तेनुसार तक्ताही आहे, त्यात तिसरी ते पाचवीसाठी १.७ ते २.५ किलो दिले आहेत. दोन्ही आकडे काढायचे आणि जो कमी तो धरायचा. या मुलीचे १० टक्के म्हणजे २.२ किलो, तक्त्याची वरची हद्द २.५. आपली मर्यादा २.२.

कमी आकडा का, हे शेजारच्या उदाहरणावरून कळेल. समजा त्याच वर्गात ३४ किलोचा मुलगा आहे, पाठ ३३.५ सेंटिमीटर. त्याचे १० टक्के ३.४ किलो होतात, पण अंगावरची चरबी ओझं उचलत नाही, ते स्वतःच एक ओझं असतं. त्याची मर्यादा २.५ आणि दप्तर तेच १४ इंची. आता उंच, सडपातळ मुलगी घ्या, पाठ ३५, वजन १९ किलो. तिला १६ इंचीतलं एखादं आखूड बेताचं दप्तर बसू शकेल, पण मर्यादा १.९ किलोच. मोठं दप्तर आणि कमी सामान, असं तिचं गणित आहे.

आपल्या मुलीचं दप्तर एका मंगळवारी जसंच्या तसं तोललं. बाथरूमच्या काट्यावर नुसतं दप्तर ठेवलं तर कमी वजनाला असे काटे नीट आकडा दाखवत नाहीत. म्हणून आधी मुलीला दप्तरासकट उभं करायचं, मग दप्तराविना, आणि वजाबाकी करायची. बॅगा लटकवून तोलायचा हुकाचा काटा मिळाला तर जास्त चांगलं. सुट्या वस्तू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवल्या.

रिकामं दप्तर ८२० ग्रॅम. चार पाठ्यपुस्तकं ८४०. दोनशे पानी पाच वह्या १२००. भरलेला स्टीलचा डबा ५२०. एक लिटरची स्टीलची बाटली, पाण्यासकट १२८०. कंपास २६०. चित्रकलेची वही आणि रंग ३४०. एकूण ५२६० ग्रॅम, म्हणजे मुलीच्या वजनाच्या जवळजवळ २४ टक्के.

यात बघण्यासारखं हे की पुस्तकांना शिव्या देण्याची आपल्याला सवय असते, पण सगळ्यात जड एकच वस्तू पाण्याची बाटली होती. आणि रिकाम्या दप्तरानेच मर्यादेचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग खाल्ला होता, आत एक वहीही टाकण्याआधी. मोठ्या दप्तराचा हा छुपा खर्च: जास्त कापड, जास्त फोम, चार कप्पे, आठ चेनी. रिकामं दप्तर मुलाच्या वजनाच्या २ टक्क्यांच्या आत असावं, असा एक सोपा हिशोब आम्ही धरतो. या मुलीसाठी ४४० ग्रॅम. चाकांचं दप्तर या हिशोबात कधीच बसत नाही, कारण दांडी आणि चाकांचंच वजन खूप होतं. धोरणातही जिन्यावर इजा होऊ शकते म्हणून चाकांची दप्तरं नकोत असंच म्हटलं आहे. नाशिकच्या पावसाळ्यात ती चाकं चिखल घेऊन वर्गात येतात, ते वेगळंच.

नव्या १४ इंची दप्तराचं वजन ४२० ग्रॅम भरलं. वेळापत्रक बघून दोनच पुस्तकं: ४२०. दोनशे पानी वह्यांऐवजी शंभर पानी, त्याही तीन: ३९०. हलका डबा: ४००. अर्ध्या लिटरची प्लास्टिकची बाटली पाण्यासकट: ६२०. कंपासऐवजी कापडी पाउच: १००. बेरीज २३५० ग्रॅम. अजून दीडशे ग्रॅम जास्त. ते पाण्यातून कमी केले: बाटलीत ३५० मिलिलिटरच पाणी न्यायचं आणि शाळेच्या फिल्टरवर भरून घ्यायचं. २२०० ग्रॅम, काटेकोर. शाळेत पिण्याच्या पाण्याची खात्री नसेल तर मात्र पाणी कमी करू नये. वही किंवा पुस्तक वर्गात ठेवण्याची परवानगी मागावी. चित्रकलेचं सामान वर्गाच्या कपाटात गेलं, नाहीतर त्या एका दिवशी हिशोब फिसकटला असता.

१० टक्के ही काही अशी रेघ नाही की २२०० ला ठीक आणि २३०० ला दुखणं सुरू. दप्तराच्या वजनाचा आणि मुलांच्या पाठदुखीचा संबंध संशोधनात सरळ, पक्का असा निघालेला नाही, आणि दप्तरामुळे कणा कायमचा बाजूला वाकतो हे तर खरं नाहीच. पण ओझं आणि त्याची उंची चुकली की मूल लगेच पुढे झुकतं, मान पुढे काढतं, जिन्यावर तोल जातो. हे कुणालाही डोळ्यांनी दिसतं, आणि मर्यादा पाळायला तेवढं कारण पुरेसं आहे.

अर्धं रिकामं मोठं दप्तर

सामान कमी केल्यावर आईने विचारलं, मग जुनंच दप्तर का नको? आता तर ते हलकं होईल. रिकाम्या वजनाचे ४०० ग्रॅम सोडले तरी आणखी एक अडचण आहे. ४६ सेंटिमीटर उंच आणि २० सेंटिमीटर खोल दप्तरात २५ सेंटिमीटरची पुस्तकं टाकली की ती उभी राहत नाहीत. ती घसरून तळाशी तिरपी बसतात आणि पाठीपासून लांब, बाहेरच्या भिंतीला टेकतात. त्यामुळे सगळं वजन दोन प्रकारे चुकीच्या जागी जातं, खाली आणि मागे.

मागे जाणं जास्त वाईट. वजन पाठीपासून ८ सेंटिमीटरवर असताना खांद्यांना जेवढं मागे ओढतं, त्याच्या दुप्पट ते १६ सेंटिमीटरवर गेल्यावर ओढतं. किलो तेवढेच, ओढ दुप्पट. ती भरून काढायला मूल धड पुढे टाकतं. १४ इंची दप्तराची खोली १३ सेंटिमीटर होती. पुस्तकं त्यात उभी, पाठीला लागून राहतात, कारण त्यांना पडायला जागाच नसते. सगळ्यात जड पुस्तक पाठीकडच्या कप्प्यात, मग वह्या, पुढच्या कप्प्यात पाउच.

दुकानात काय केलं

खरेदीला मुलीला नेलं, आणि कापडी पिशवीत तिचं नेहमीचं सामान व टेप घेतली. दुकानातली दप्तरं कागदाचे बोळे कोंबून फुगवलेली असतात, त्यामुळे ती ताठ आणि सुबक दिसतात. बोळे काढायला लावले, सामान भरलं, आणि मग मुलीच्या पाठीवर चढवलं. दुकानदार थोडा कुरकुरला, पण एवढं केल्याशिवाय दप्तर कसं बसतं ते कळत नाही.

पहिलं दप्तर १४ इंचीच होतं, तरी बाद झालं. त्याचे पट्टे शेवटपर्यंत ओढूनही सैल राहत होते. ही चूक दप्तर शिवणाऱ्याची: आखूड दप्तराला मोठ्या दप्तराचेच पट्टे लावलेले. पूर्ण बसवल्यावर बकलाच्या खाली किमान ५ सेंटिमीटर शेपूट लोंबती असली पाहिजे आणि बकल पट्ट्याच्या जाड, फोमच्या भागाला जाऊन अडलेलं नसावं. तसं अडलं तर आवळायला पुढे जागा नाही.

दुसऱ्यात वरचे जोड एकमेकांपासून फार लांब शिवलेले. पट्टे खांद्यांच्या कडेवर बसत होते आणि दोन पावलं चालल्यावर एक पट्टा घसरला. पट्टा मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध बसायला हवा. छातीवरच्या आडव्या पट्ट्याने हा दोष काही अंशी झाकता येतो, पण लहान मुलं तो लावत नाहीत.

तिसरं घेतलं. २६ सेंटिमीटर रुंद, फोमचे पट्टे ५ सेंटिमीटर रुंद, पाठीकडची बाजू थोडी ताठ. पट्टे आवळून तीन गोष्टी पाहिल्या. जोड फऱ्यांच्या वरच्या कडेशी टेकतो का. दप्तर आणि पाठ यांच्यात मूठ जात नाही ना. तळ कमरेच्या हाडाखाली तीन बोटांच्या आत आहे का. मग मुलीला दुकानाच्या पायरीवर दोनदा चढ-उतार करायला लावलं. तिचे हात मागे गेले नाहीत.

पुढच्या महिन्यात उद्भवलेल्या दोन गोष्टी

नवं दप्तर बरोबर बसलं, तरी पंधरा दिवसांत ते पुन्हा खाली आलं होतं. रिक्षात चढताना दप्तर काढावं लागतं, उतरल्यावर घाईत घालायचं असतं, आणि आवळ पट्ट्यातून दुसरा हात घालणं मुलांना अवघड जातं. मुलगी रोज थोडा पट्टा सैल करत होती. उपाय असा केला: योग्य जागी पट्ट्यावर पक्क्या शाईच्या पेनाने रेघ ओढली आणि तिला शिकवलं की घालताना फक्त उजवा पट्टा सैल करायचा, हात घातला की शेपूट खाली ओढून रेघ बकलापाशी आणायची. रेघ दर सहा महिन्यांनी, नवं माप घेऊन, सरकवायची.

दुसरी गोष्ट बाटलीची. भरलेली बाटली बाजूच्या जाळीत आणि दुसरी बाजू रिकामी, त्यामुळे दप्तर उजवीकडे कलायचं आणि मुलगी डावा खांदा उचलून चालायची. बाटली मधल्या कप्प्यात ठेवली तर गळून वह्या भिजायची भीती. म्हणून डबा दुसऱ्या बाजूच्या जाळीत गेला. ४०० आणि ४७० ग्रॅम, दोन्ही बाजू जवळपास सारख्या झाल्या. जुलैत रेनकोट आला तेव्हा तो दप्तरात न ठेवता अंगावर किंवा हातातल्या वेगळ्या पिशवीत न्यायचं ठरलं, कारण ओला रेनकोट दप्तरात गेला की सगळा हिशोब पाण्यात.

दप्तर बरोबर बसलं आहे का हे घरच्या घरी तपासायला मोबाइल पुरतो. मुलीला बाजूने, तिच्या खांद्याच्या उंचीवर मोबाइल धरून, दोन-तीन मीटरवरून दोन फोटो काढले: एक दप्तराविना, एक भरलेलं दप्तर घालून मिनिटभर चालल्यावर. दप्तराविनाच्या फोटोत कान, खांदा आणि घोटा जवळपास एका उभ्या रेषेत होते. जुन्या दप्तरासोबतच्या फोटोत कान खांद्याच्या बराच पुढे गेलेला दिसत होता. नव्यात फरक डोळ्याला जाणवतो न जाणवतो एवढाच उरला. दप्तर काढल्यावर खांद्यावर लाल वळ राहत असतील, हाताला मुंग्या येत असतील, किंवा दप्तर घालताना मूल ते आधी बाकावर ठेवून वाकून आत शिरत असेल, तर वजन पुन्हा तोलावं. सुट्टीच्या दिवसांतही पाठ दुखत राहिली तर तो दप्तराचा प्रश्न राहत नाही. मुलाला डॉक्टरांना दाखवावं.

जुनं १८ इंची दप्तर टाकून दिलं नाही. मुलीच्या सातवीतल्या चुलत भावाची पाठ मोजली तर ४१ भरली. जोड ५ सेंटिमीटरवर धरून तळ ४५ वर, हाडाखाली ४. त्याचं वजन ३८ किलो, म्हणजे १० टक्क्यांनी ३.८ आणि तक्त्याप्रमाणे सहावी-सातवीची वरची हद्द ३ किलो, तीच धरली. ८२० ग्रॅमचं रिकामं दप्तर त्यालाही जरा जडच, २ टक्क्यांच्या थोडं वर, पण उंचीला चपखल बसलं.